‘तुझ्या हातात नाही’ असं कोण म्हणतंय?

दोन महिन्यांपूर्वी रात्री साडेदहाला मामेबहिणीचा फोन आला. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला होता आणि तिला दोन विषयांत केटी लागली होती, एम-थ्री आणि डेटा स्ट्रक्चर्स. दोन्ही पेपर चांगले गेले होते असं तिचं म्हणणं. रडून झालं होतं, आवाज शांत होता. फोन निकालाबद्दल नव्हताच, दुसऱ्या दिवशी कॉलेजात जे झालं त्याबद्दल होता.

निकालानंतर त्यांच्या कॉलेजने नापास झालेल्या मुलांसाठी तासाभराचं सत्र ठेवलं. एका सरांनी फळ्यावर दोन वर्तुळं काढली, एकात एक. आतल्या वर्तुळात लिहिलं: अभ्यास, हजेरी, वेळेचं नियोजन, दृष्टिकोन. बाहेरच्यात: पेपर कसा निघेल, कोण तपासेल, निकाल. मग म्हणाले, दोन हजार वर्षांपूर्वी स्टोइक तत्त्वज्ञांनी सांगून ठेवलंय की जे आपल्या हातात नाही त्याचा विचार सोडा. तेव्हा निकाल सोडा, फोटोकॉपी आणि रिव्हॅल्यूएशनच्या मागे पैसे आणि मनःशांती घालवू नका, पुढच्या परीक्षेच्या तयारीला लागा.

“दादा, तू पण ते एपिक्टेटस वगैरे वाचतोस ना?” तिने विचारलं. “मग फॉर्म भरू की नको? दहाच दिवस आहेत.”

मी म्हटलं, आत्ता भर. आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला राग आला होता, आणि तो त्या सरांपेक्षा जास्त माझ्या स्वतःवर होता. त्याचं कारण पुढे येईल. आधी त्या वर्तुळांचा हिशोब करू.

एपिक्टेटस जन्माने गुलाम होता. पुढे मुक्त झाला, रोममध्ये शिकवू लागला, सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या निकोपोलिसला गेला आणि तिथे त्याने शाळा चालवली. त्याने स्वतः काही लिहिलं नाही. एरियन नावाच्या शिष्याने त्याच्या तासांची टिपणं काढली. ती ‘डिस्कोर्सेस’ म्हणून ओळखली जातात, आणि त्यांचाच छोटा अर्क म्हणजे ‘एन्कायरिडियन’. हातात असलेलं आणि हातात नसलेलं ही फोड एन्कायरिडियनच्या अगदी पहिल्या परिच्छेदात आहे. रील्सवर फिरते ती हीच.

पण त्या परिच्छेदातली यादी नीट पाहिली, तर फळ्यावरची वर्तुळं तिच्याशी जुळत नाहीत. आपल्या हातात काय, तर आपण एखाद्या गोष्टीबद्दल काय मत बनवतो, काय करायला पुढे होतो, काय हवंसं मानतो आणि काय टाळतो. बस, एवढंच. हातात काय नाही, तर शरीर, मालमत्ता, लौकिक, पद. म्हणजे सरांच्या आतल्या वर्तुळात जे होतं त्यातलं बरंचसं एपिक्टेटसच्या हिशोबाने बाहेर जातं. हजेरी हातात नाही, कारण उद्या डेंग्यू होऊ शकतो. अभ्याससुद्धा पूर्ण हातात नाही, कारण आदल्या रात्री वीज जाऊ शकते, घरी कुणी आजारी पडू शकतं. हातात आहे तो फक्त अभ्यासाला बसण्याचा निर्णय आणि बसल्यावर प्रामाणिक राहणं.

हा शब्दांचा खेळ नाही, कारण इथेच सगळा गोंधळ आहे. सरांनी रेघ मारली ती घटनांच्या मध्ये. परीक्षेआधीचं सगळं तुझं, परीक्षेनंतरचं सगळं दैवाचं. एपिक्टेटसची रेघ घटनांच्या मध्ये पडत नाही, ती प्रत्येक कृतीच्या आतून जाते. अभ्यास घ्या: ठरवणं माझं, तो पूर्ण होणं माझं नाही. पेपर लिहिणं घ्या: विचार करून लिहिणं माझं, वेळ पुरणं माझं नाही. आणि फोटोकॉपीचा अर्ज घ्या: भरायचं ठरवणं, खरं तेच लिहिणं, मुदतीत देणं माझं. पोर्टल चालणं, प्रत वेळेत येणं, दुसऱ्या परीक्षकाने गुण वाढवणं माझं नाही.

म्हणजे कुठली कृती करायची आणि कुठली सोडायची, हे ही रेघ सांगूच शकत नाही. प्रत्येक कृतीत दोन्ही बाजू असतात. ती फक्त एवढं सांगते की कृती करताना आपलं बरंवाईट कशाला टांगायचं: आपल्या वागण्याला टांगा, फळाला टांगू नका. ‘निकाल बाहेर आहे म्हणून अर्ज करू नको’ हे वाक्य स्टोइक असेल, तर ‘निकाल बाहेर आहे म्हणून पेपरही लिहू नको’ हेही स्टोइकच म्हणावं लागेल. पण ते कुठलं कॉलेज म्हणत नाही. पेपर लिहिणाऱ्या मुलांचा कुणाला त्रास नसतो. अर्ज करणाऱ्यांचा असतो.

आता माझ्याबद्दल. 2017 च्या फेब्रुवारीत माझाही तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला. एम-थ्रीत 80 पैकी 29. पास व्हायला 32 लागत. मी त्याच हिवाळ्यात एन्कायरिडियन वाचलं होतं, मोबाइलवर, होस्टेलच्या गच्चीत, आणि मला वाटायचं की आख्ख्या होस्टेलमध्ये ते कळलेला मी एकटाच. माझ्या रूममेटला 26 मिळाले होते. त्याने निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी फोटोकॉपीचा अर्ज भरला. मी भरला नाही. त्याने कारण विचारलं तेव्हा मी त्याला जवळजवळ प्रवचनच दिलं: निकाल ही बाह्य गोष्ट आहे, तिच्यामागे धावणं म्हणजे स्वतःला तिचा गुलाम करून घेणं, वगैरे. तो ऐकून म्हणाला, “तुझं बरोबर असेल रे, पण मला बघायचंय माझा पेपर.”

तीन आठवड्यांनी त्याची प्रत आली. त्याने दोन पुरवण्या घेतल्या होत्या. पहिली तपासलेली होती. दुसरीवर लाल शाईचा एक ठिपकासुद्धा नव्हता. रिव्हॅल्यूएशनमध्ये त्या पुरवणीचे 14 गुण मिळाले आणि 26 चे 40 झाले. मी मे महिन्यात पुन्हा पेपर दिला, सुटलो. पण पुढे प्लेसमेंटच्या वेळी एका कंपनीची अट होती की एकही केटी कधीच लागलेली नसावी, आणि मला त्या परीक्षेला बसताच आलं नाही.

कंपनी गेली याचं मला आज काही वाटत नाही, दुसरी मिळाली. सलतं ते वेगळंच. त्या वेळी मी ज्याला शांती म्हणत होतो ती शांती नव्हती. मला माझा पेपर बघायची भीती वाटत होती. प्रत आली असती आणि 29 हेच बरोबर निघाले असते तर? ‘माझ्यावर अन्याय झाला आणि मी तो उदारपणे सोडून दिला’ या गोष्टीत मी फार छान दिसत होतो. फोटोकॉपीने ती गोष्ट मोडली असती. एपिक्टेटसच्या यादीत ‘टाळणं’ हे हातातल्या गोष्टींमध्ये आहे, म्हणजे त्याची जबाबदारी आपली आहे. मी टाळत होतो आणि त्याला तत्त्वज्ञान म्हणत होतो. माझ्यावर खरंच अन्याय झाला होता का, हे मला आजही माहीत नाही आणि आता कधीच कळणार नाही.

हे मी तेव्हा कसं चुकलो? पुस्तकाचं पहिलं पान पाठ केलं आणि त्याच पानावरचं शेवटचं वाचलं नाही. त्या पहिल्याच परिच्छेदाच्या अखेरीस एपिक्टेटस एक काम सांगतो. मनात काही उठलं, काही त्रासदायक दिसलं, की लगेच त्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्याला म्हणायचं की तू फक्त दिसणं आहेस, जसा दिसतोस तसा असशीलच असं नाही. आणि मग त्याला तपासायचं. हातात आहे की नाही हा प्रश्न या तपासणीचा भाग म्हणून येतो. स्टोइक मंडळी अशा मनातल्या ठशाला ‘फँटासिया’ म्हणत, आणि त्याला न तपासता होकार देणं हीच त्यांच्या मते सगळ्या दुःखाची सुरुवात.

‘माझ्यावर अन्याय झाला’ हा असाच एक ठसा आहे. ‘जाऊ दे, माझीच चूक असेल’ हाही ठसाच आहे. दोन्ही न तपासलेले. आणि परीक्षेच्या बाबतीत सुदैवाने तपासणीचं साधन अगदी हाताशी असतं. त्याला फोटोकॉपी म्हणतात. मी दिवसभर जे काम करतो त्यात कुणी ‘सिस्टीम चुकीचं उत्तर देतेय’ अशी तक्रार टाकली आणि मी लॉग न उघडताच तिकीट बंद केलं, तर मला कुणी स्थितप्रज्ञ म्हणणार नाही, कामचुकार म्हणतील. लॉग न उघडताच डेटाबेसवाल्यांच्या नावाने ओरडलो, तर तेही तितकंच चूक.

म्हणून बहिणीला मी सांगितलं की प्रत येईपर्यंत ‘अन्याय’ हा शब्द वापरायचा नाही आणि ‘जाऊ दे’ हाही नाही. तीन आठवड्यांनी दोन्ही प्रती आल्या. शनिवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही त्या पानं उलटत वाचल्या. कसं वाचायचं हे इथे नीट सांगतो, कारण तत्त्वज्ञानाची खरी परीक्षा तिथेच होते.

आधी बेरीज. मुखपृष्ठावरच्या तक्त्यात प्रत्येक प्रश्नाचे गुण असतात. त्यांची बेरीज स्वतः करायची आणि मग आत जाऊन प्रत्येक प्रश्नाचे आतले गुण तक्त्याशी जुळवायचे. दुसरं, न तपासलेली उत्तरं. प्रत्येक उपप्रश्नापुढे काहीतरी खूण हवी: गुण, फुली, निदान शून्य. पुरवण्यांवर खास लक्ष द्यायचं, आणि मुखपृष्ठावर लिहिलेली पुरवण्यांची संख्या प्रतीत आलेल्या पुरवण्यांशी जुळते का तेही पाहायचं. तिसरं आणि शेवटचं, कमी वाटणारे गुण. पहिल्या दोन गोष्टी वस्तुस्थितीच्या आहेत, त्यात मताला जागा नाही. तिसरी मताची आहे. आपण दुखावलेलो असतो तेव्हा थेट तिसऱ्यापासून सुरुवात करतो, आणि म्हणून चिडूनच वाचतो.

एम-थ्रीत तिला 27 होते. बेरीज बरोबर, सगळं तपासलेलं. ज्या लाप्लासच्या गणिताबद्दल ती शपथेवर सांगत होती, त्यात फलाला t ने गुणलं की विकलजापुढे वजा चिन्ह येतं ते तिने पहिल्याच पायरीत गाळलं होतं. पुढचं सगळं त्या चुकीवर उभं. परीक्षकाने 8 पैकी 3 दिले होते. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मी असते तर दोनच दिले असते.” तो अर्ज आम्ही पुढे नेला नाही.

डेटा स्ट्रक्चर्समध्ये 30 होते, पास व्हायला दोन कमी. तक्ता असा: पहिला प्रश्न 11, दुसरा 8, चौथा 7, पाचवा 4. बेरीज बरोबर. आत गेलो तर पाचव्याच्या (अ) ला 4 गुण. (ब) चं उत्तर पुरवणीवर होतं, एव्हीएल ट्रीमधून नोड काढल्यावर तो पुन्हा समतोल कसा करायचा, आकृत्यांसकट दोन पानं. त्यापुढे काहीच नव्हतं. फुली नाही, शून्य नाही. शून्य असतं तर ते परीक्षकाचं मत झालं असतं, त्याच्याशी वाद घालता आला असता किंवा ते मान्य करता आलं असतं. कोऱ्या समासाशी सहमत कसं होणार? तिथे कुणाचं मतच नाही.

आता ‘अन्याय’ हा शब्द वापरायला हरकत नव्हती, आणि तो दोनपैकी एकाच विषयाला लागू होता. दोन्ही विषय सोडून दिले असते तर तिने एक खरी चूक पाठीशी घातली असती. दोन्हींसाठी भांडली असती तर एक खोटी तक्रार केली असती. यातलं कुठलंही स्टोइक नाही. तिने एका परिच्छेदाचा अर्ज लिहिला: आसन क्रमांक, विषय, पुरवणीचं पान, पाचवा प्रश्न (ब) तपासलेला नाही. त्यात एकही विशेषण नव्हतं.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी, कारण ‘हातात काय आहे’ हे फक्त मनाचं नसतं. आपला पेपर बघण्याचा हक्क आपल्याला कुणी कृपा म्हणून दिलेला नाही. महाराष्ट्राच्या बोर्डाचा बारावीच्या मुलांना उत्तरपत्रिका न दाखवण्याचा नियम उच्च न्यायालयाने रद्द ठरवला होता, पण 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परितोष शेठ खटल्यात तो नियम उचलून धरला. त्यानंतर 27 वर्षांनी, ऑगस्ट 2011 मध्ये, आदित्य बंदोपाध्याय खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखाली ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते. परीक्षकाचं नाव मात्र कळणार नाही. आणि त्याच निकालाने मर्यादाही घातली: पाहण्याचा हक्क या कायद्याने मिळतो, पुन्हा तपासून घेण्याचा नाही. तो संस्थेच्या नियमांत असेल तरच असतो. ही सीमा खरी आहे आणि ती माहीत असली पाहिजे. पण 2011 ची ती ओळ कुणीतरी सोडून न दिल्यामुळे आपल्याला मिळाली आहे. 1984 साली जे विद्यार्थ्याच्या हाताबाहेर होतं, ते आज त्याच्या हातात आहे. फळ्यावरचं वर्तुळ खडूने काढलेलं असतं, हे लक्षात ठेवावं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. स्टोइकांच्या मते सद्गुण सोडून बाकी सगळं, म्हणजे पैसा, आरोग्य, निकाल, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. मग त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

याचं उत्तर त्यांनी स्वतःच देऊन ठेवलंय. ‘चांगलं-वाईट नाही’ याचा अर्थ ‘सारखंच आहे’ असा नाही. आरोग्य आजारापेक्षा निवडण्याजोगं आहे, पास होणं नापास होण्यापेक्षा निवडण्याजोगं आहे. सिसेरोने स्टोइकांची बाजू मांडताना तिरंदाजाचं उदाहरण दिलंय. तिरंदाज नेम लागावा म्हणून जे करता येईल ते सगळं करतो. बाण लागणं हे त्याने निवडलेलं असतं, पण त्याचं खरं साध्य नीट नेम धरणं हे असतं. वारा आला आणि बाण चुकला तरी तो चांगला तिरंदाजच राहतो. आता विचार करा, कुणी धनुष्यच उचललं नाही आणि म्हणाला की बाण लागणं माझ्या हातात नाही, तर त्याला आपण काय म्हणू?

एपिक्टेटसचं स्वतःचं उदाहरण चेंडूच्या खेळाचं आहे. खेळताना चेंडू ही काही मौल्यवान वस्तू आहे असं कुणी मानत नाही. पण म्हणून चेंडू सोडूनही देत नाही. कौशल्य फेकण्यात आणि झेलण्यात असतं, आणि तिथे निष्काळजीपणा चालत नाही. वस्तू उदासीन, वस्तूशी केलेली वागणूक उदासीन नाही, हे तो त्या प्रवचनात पुन्हा पुन्हा सांगतो. आणि ज्याच्याबद्दल तो आदराने बोलतो तो हेल्विडियस प्रिस्कस कोण होता? सम्राट व्हेस्पेशियनने ‘सिनेटमध्ये येऊ नकोस’ असा निरोप पाठवला तेव्हा, मी सदस्य आहे तोवर येणं माझं काम आहे, असं सांगून गेलेला माणूस. गप्प बस म्हटलं तर म्हणाला, मत विचारू नका, मग गप्प बसतो. जिवे मारायची धमकी दिली तर म्हणाला, मारणं तुमचं काम, न घाबरता मरणं माझं. आणि तो खरंच मारला गेला. हातात काय आहे याची फोड ज्याला सर्वांत नीट कळली होती, असं एपिक्टेटसला वाटलं, तो माणूस घरी बसला नव्हता.

आपल्याकडे हेच गीतेच्या नावाने चालतं. फळाची अपेक्षा नको, हे घराघरांत नापास मुलाला ऐकवलं जातं, आणि ऐकवणारा विसरतो की ते मुळात धनुष्य खाली ठेवलेल्या माणसाला, ते पुन्हा उचलावं म्हणून सांगितलेलं आहे. गीता संन्यास नव्हे तर कर्म शिकवते, हे मांडायला टिळकांना मंडालेच्या तुरुंगात आख्खं ‘गीतारहस्य’ लिहावं लागलं. ते 1915 साली छापून आलं. शंभर वर्षं उलटून गेली, आपण अजून तो श्लोक झोपेच्या गोळीसारखा देतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. स्टोइक फोड ही प्रथमपुरुषी एकवचनी आहे. ‘माझ्या हातात काय आहे’ हा प्रश्न मी स्वतःला विचारायचा असतो. तोच प्रश्न मी दुसऱ्याला विचारला की त्याचा अर्थ बदलतो, आणि ज्याच्या हातात ती गोष्ट आहे त्यानेच तो विचारला तर पार उलटा होतो. पुरवणी तपासली जाणं माझ्या बहिणीच्या हातात नव्हतं, हे शंभर टक्के खरं. पण ते कुणाच्या तरी हातात होतं. तपासणाऱ्याच्या होतं, मॉडरेटरच्या होतं, परीक्षा विभागाच्या होतं. ते सर ज्या व्यवस्थेचा भाग आहेत, तिच्या आतल्या वर्तुळात ते होतं. त्यांनी फळ्यावर स्वतःची वर्तुळं काढली असती तर ‘पेपर कोण आणि कसा तपासेल’ हे आत लिहावं लागलं असतं. एपिक्टेटसने गुलामीत जे स्वतःला सांगितलं, तेच मालक गुलामाला सांगू लागला तर ते तत्त्वज्ञान राहत नाही, व्यवस्थापन होतं. आणि एपिक्टेटस शिकवत होता कुणाला? बहुतेक सुखवस्तू घरांतल्या, उद्या मोठ्या पदांवर बसणाऱ्या तरुणांना. तो त्यांना सांगत होता की पदाच्या मागे लागून माणूसपण गमावू नका. आपण ते उचलून सगळ्यात कमी ताकद असलेल्याला, तक्रार करू नकोस म्हणून सांगतो.

हा प्रश्न एका पुरवणीपुरता नसतो. 2017 साली मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका घाईघाईने संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, तेव्हा निकाल महिनोन्महिने लांबले आणि उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाल्याच्या तक्रारी आल्या. माझं विद्यापीठ ते नव्हे, पण आम्हीही त्या बातम्या रोज वाचायचो. मुलांनी, पालकांनी, वर्तमानपत्रांनी तो विषय लावून धरला, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. एका गठ्ठ्यात एक पुरवणी सुटली असेल तर दुसरीही सुटलेली असू शकते. न्याय हा स्टोइकांच्या चार मुख्य सद्गुणांपैकी एक आहे, आणि तो एकट्याने मनातल्या मनात पाळता येत नाही.

राहिला राग. बरेच मित्र म्हणतात की अन्यायाशी लढायला राग लागतोच, आणि स्टोइक तो काढून घेतात म्हणून ते निरुपयोगी. मला हे पटत नाही, आणि इथे मी पूर्णपणे एपिक्टेटसच्या बाजूने आहे. त्याच्या घरातला लोखंडी दिवा चोरीला गेला तेव्हा तो म्हणाला की उद्या मातीचा आणीन. चोराला शिव्या देत बसला नाही. पण दिवा चोरीला गेला नाही, असंही म्हणाला नाही. आमच्या क्षेत्रात सर्व्हर पडला की नंतर ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ करतात. कुणाला फाडून खायचं नाही, पण कुठे काय तुटलं ते ओळीओळीने लिहायचं आणि दुरुस्त करायचं. ज्या परीक्षकाकडून ती दोन पानं सुटली त्याच्यापुढे गठ्ठ्यांचा ढीग असेल, पुरवणी चिकटून बसली असेल. त्याच्याबद्दल राग नसणं आणि त्याची चूक लेखी नोंदवणं, दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी जमतं. रागाने लिहिलेला अर्ज तीन पानी होतो आणि त्यात पानाचा क्रमांकच राहून जातो.

एका जागी मात्र मी अजून अडकलेलो आहे, ते लपवत नाही. शैक्षणिक कर्जावर शिकणाऱ्या, एक वर्ष गेलं तर घरी परत बोलावली जाणाऱ्या मुलीला ‘निकाल हे खरं वाईट नाही’ असं सांगायची माझी जीभ रेटत नाही. स्टोइक म्हणतील की ते वाईट नाही, अवघड आहे, आणि अवघड परिस्थितीत नीट वागणं हेच तर काम. तत्त्व म्हणून मला हे समजतं. पण ते तिने स्वतःहून म्हणावं, मी नाही.

ती फोड कधी वापरायची, हे आम्ही तिच्या अर्जानंतर बोललो. अर्ज गेला, फी भरली, पावतीचा फोटो ठेवला. आता पुढचं तिच्या हातात नाही. आता ती वर्तुळं काढायची, आधी नाही. दुसऱ्या परीक्षकाने त्या दोन पानांना शून्य दिलं तर ते शून्य पुन्हा तपासायचं, आणि ते मत म्हणून योग्य असेल तर मान्य करायचं. गुण वाढले तरी तिची किंमत वाढणार नाही, नाही वाढले तर कमी होणार नाही. ही गोष्ट मी तिला ऐकवली नाही, तीच म्हणाली, तिच्या शब्दांत: “जे लिहायचं होतं ते मी लिहिलं ना, मग बास.”

रिव्हॅल्यूएशनचा निकाल अजून लागलेला नाही. ती मे महिन्याच्या एम-थ्रीची तयारी करतेय. लाप्लासचं ते सूत्र तिने भिंतीवर लावलंय, वजा चिन्ह लाल शाईने.